जिभेच्या आधी हात

‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ ही आज्ञा ज्याने शाळेत कधी ऐकली नाही असा मराठी मनुष्य विरळाच. ह्या आज्ञेत एक मौज आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गडबड बंद करावयाची असते ती तोंडाची. परंतु गुरुजी आधी हात बांधावयास सांगतात आणि मग तोंड. जुन्या पंतोजींना ह्यामागचे शास्त्र ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही; तथापि हात मोकळे राहिले म्हणजे जीभ फार वेळ बांधलेली राहत नाही, एवढे त्यांनी अनुभवाने ओळखले असावे. बोलणे हे एक काम आणि हात हालविणे हे दुसरे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आणि वक्तृत्वाच्या पुस्तकांतून हातवाऱ्यांस भाषणाचा अलंकार म्हटलेलेही आढळते. अलंकार म्हणजे मागाहून चढविलेली वस्तू. हातवारे जर मागाहून चढविलेले असतील तर ते शब्दांच्या मागून यावयास हवेत. प्रत्यक्षात ते मागून येत नाहीत, हे घड्याळाने दाखविता येते. ते कसे, हे प्रथम सांगून मग ह्या गोष्टीचा वर्गातील एका उत्तराशी काय संबंध आला, ते सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभी एक गोष्ट बाजूस ठेवली पाहिजे. आपल्या इगतपुरीच्या फलाटावर गार्ड हिरवा बावटा दाखवितो, त्याचा अर्थ ठरलेला आहे. तो बावटा मनाला येईल तसा हालवून चालत नाही. नमस्काराचे हात, नर्तकाची मुद्रा, मूकबधिरांची हातांची भाषा ही सर्व ह्याच जातीची: त्यांस नियम आहेत आणि ती शिकावी लागतात. मूकबधिरांची भाषा तर व्याकरणासह पूर्ण भाषाच होय. आमचा विषय तो नव्हे. दुसरी जात अशी की, ‘एवढा मोठा साप’ किंवा ‘असा वाकडा’ असे म्हणताना शब्दच हाताकडे बोट दाखवितो, आणि हात न हालविता ‘एवढा’ म्हणणाऱ्यास आपण ‘केवढा?’ असे लगेच विचारतो. हेही सोडून देऊ. आम्हांस पाहावयाचे आहेत ते तिसऱ्या जातीचे हातवारे, जे बोलणारा करितो आणि आपण ते केले हे त्याच्या गावीही नसते.

एक उदाहरण घेऊ. आमच्या विद्यालयातील एक मुलगा मुंबईहून परत आल्यावर आपल्या प्रवासाची हकीकत सांगत होता. पालकांची संमती घेऊन आम्ही ती मोबाईलवर चित्रित केली होती. कसारा आणि इगतपुरी ह्यांमधील घाट वाचकांस नवा नाही. १८६५ साली लोहमार्ग येथवर आला तेव्हापासून ह्या घाटाने इंजिनांचा घाम काढला आहे. चढ असा की सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर यावे. म्हणून कसाऱ्यास गाडीच्या पाठीशी जादा इंजिने जोडण्याची वहिवाट पडली; रेल्वेतील मंडळी त्यांस ‘बँकर’ म्हणतात. मुलगा जे वाक्य बोलला ते येणेप्रमाणे: ‘मग कसाऱ्याला अजून इंजिनं लावली, आणि गाडी वर आली.’

हे वाक्य कागदावर वाचणाऱ्यास इंजिने पुढे लावली की मागे, हे कळणार नाही. त्यांनी गाडी ओढली की ढकलली, तेही कळणार नाही. परंतु ‘इंजिनं’ म्हणताना मुलाचा डावा तळहात छातीसमोर आडवा, बोटे किंचित वर करून धरलेला होता आणि उजव्या हाताची मूठ त्या तळहाताच्या मनगटाकडील अंगास येऊन टेकली होती. ‘वर’ म्हणताना मुठीने तळहात रेटीत रेटीत तिरका वर नेला, तोही एका दमात नव्हे तर थांबत थांबत. इंजिने मागे आहेत, ती ढकलत आहेत, रस्ता चढाचा आहे आणि गती मंद आहे, ह्या चार गोष्टींपैकी चढ तेवढा ‘वर’ ह्या शब्दात आहे. उरलेल्या तीन केवळ हातात आहेत.

अधिक गमतीची गोष्ट पुढे आहे. त्याच्यासमोर बसलेल्या दुसऱ्या मुलास तीच हकीकत आम्ही थोड्या वेळाने सांगावयास लाविली. तो म्हणाला, ‘मग मागून इंजिनानं ढकलत ढकलत गाडी वर आणली.’ ‘मागून’ आणि ‘ढकलत’ हे शब्द पहिल्याने उच्चारिलेच नव्हते. दुसऱ्यास विचारिले, तर पहिल्याने तसेच सांगितले असे तो खात्रीने म्हणे. अर्थात इगतपुरीचा मुलगा बँकर इंजिन पाहून असतो, तेव्हा त्याने हे आधीच्या माहितीवरून जोडले नसेल कशावरून, अशी शंका चाणाक्ष वाचक घेईल. आणि ती योग्य आहे. ह्यासाठीच अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील डेव्हिड मॅक्नील ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निराळी युक्ती केली. मांजर आणि पिवळा पक्षी ह्यांच्या एका व्यंगचित्रपटाची गोष्ट सांगणाऱ्याच्या हातवाऱ्यांत त्यांनी मुद्दाम अशा गोष्टी घातल्या की ज्या शब्दांत नव्हत्या, आणि त्या ऐकणाऱ्यांस पूर्वी ठाऊक असण्याचा संभवही नव्हता. सांगणाऱ्याने मांजर नळातून बाहेर आले एवढेच म्हटले, परंतु हात वरखाली उसळवीत नेला. तेव्हा ऐकणाऱ्याने पुढे गोष्ट सांगताना त्या उसळीस जागा करून देण्यासाठी चक्क जिने घातले, जे मूळ गोष्टीत नव्हते आणि कोणी बोललेही नव्हते. हातातून आलेला अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात शब्दांतून आलेल्या अर्थात असा मिसळून जातो की पुढे तो वेगळा काढता येत नाही.

आता वेळेकडे वळू. हातवारा ही एक सलग हालचाल दिसली तरी तिचे भाग पडतात, हे ॲडम केंडन (१९३४–२०२२) ह्या इंग्रज अभ्यासकाने फार बारकाईने दाखविले. हात मांडीवर किंवा बाकावर विसावलेला असतो. तेथून तो उचलून जागेवर येतो, ही ‘उचल’. मग अर्थ वाहणारी मुख्य हालचाल होते. तिला तबल्याच्या भाषेत ‘ठोका’ म्हणू. ठोक्याच्या अगोदर किंवा नंतर हात क्षणभर हवेत तसाच थांबतो, तो ‘थांब’. शेवटी हात परत विसाव्यास जातो, ती ‘उतरण’. ह्या चारींत ठोका तेवढा अनिवार्य. उरलेले असतील किंवा नसतील. अर्थ ठोक्यात असतो, आणि वेळ मोजावयाची तीही मुख्यतः ठोक्याची.

मोजण्याची रीत शिकण्यास कठीण नाही, मात्र तिला धीर लागतो. मोबाईलचे चित्रण बहुधा सेकंदास तीस चित्रे घेते, म्हणजे तीन चित्रे पुढे गेलो की सेकंदाचा दहावा भाग गेला. प्रथम केवळ ध्वनी ऐकून प्रत्येक शब्द कोणत्या चित्रावर सुरू झाला ते लिहून काढावे. मग ध्वनी पूर्ण बंद करून केवळ हात पाहावा आणि उचल, ठोका, थांब, उतरण ह्यांची चित्रे टिपावीत. हा क्रम सोडून चालत नाही. कारण शब्द कानावर पडत असताना हात पाहिला तर डोळा शब्दाच्या बाजूने पक्षपात करितो आणि ठोका जेथे असावा असे वाटते तेथे त्यास दिसू लागतो. हालता हात चित्रात पुसट उमटतो आणि थांबलेला स्पष्ट. पुसटपणा कोठे सुरू होतो व कोठे संपतो ही उत्तम खूण होय. दोन्ही याद्या तयार झाल्यावर त्या एकाखाली एक मांडावयाच्या. नेदरलँड्समधील नायमेगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेने ह्या कामासाठी ‘एलान’ नावाची संगणक-प्रणाली करून ती मोफत उपलब्ध केली आहे. तीत ध्वनी, शब्द आणि हात ह्यांच्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. परंतु प्रणाली नसली तरी आखीव कागद पुरतो. आम्ही कागदच वापरला.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. चित्रणात आवाज आणि चित्र पुष्कळदा थोडे मागेपुढे झालेले असतात, आणि काही मोबाईल उजेड कमी झाला की सेकंदास तिसाहून कमी चित्रे घेऊ लागतात. म्हणून चित्रणाच्या आरंभी आणि शेवटी मोठ्याने एक टाळी वाजवावी. हात एकमेकांस भिडलेले चित्र आणि टाळीचा आवाज दोन्ही ठिकाणी जुळले तरच मधल्या मोजणीवर विश्वास ठेवावा. न जुळले तर ते चित्रण टाकून द्यावे.

वर सांगितलेल्या मुलाच्या वाक्याची मोजणी अशी झाली. ‘इंजिनं’ हा शब्द बासष्टाव्या चित्रावर सुरू होतो. हाताची उचल एकेचाळिसाव्या चित्रावरच सुरू झालेली आहे, म्हणजे ‘मग कसाऱ्याला’ हे शब्द चालले असताना, ‘इंजिनं’ तोंडातून निघण्यापूर्वी सुमारे सात दशांश सेकंद. मूठ तळहाताकडे जाण्याचा ठोका साठाव्या चित्रावर आहे. शब्दाच्या अगदी उंबऱ्यावर. मूठ तेथे टेकून थांबते आणि ‘वर’ हा शब्द येईपर्यंत थांबूनच राहते. दुसरा ठोका, म्हणजे रेटीत वर नेणे, हा ‘वर’च्या एक-दोन चित्रे अगोदर सुरू होतो. हात आधी तयार होतो, शब्दाची वाट पाहतो, आणि मग दोघे बरोबर पाऊल टाकतात.

एकट्या मुलाच्या एका वाक्यावरून नियम बांधणे शहाणपणाचे नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु हीच गोष्ट अन्यत्र पुष्कळ मोजण्यांत आढळली आहे. १९९२ साली मॉरेल-सॅम्युअल्स आणि क्राउस ह्या अमेरिकन अभ्यासकांनी साठ हातवारे निवडून, प्रत्येकाशी अर्थाने जुळणारा शब्द कोणता हे आधी इतर माणसांकडून ठरवून घेतले आणि मग दोहोंतील अंतर मोजले. हातवाऱ्याचा आरंभ शब्दाच्या आधी पडला, सरासरीने सुमारे एक सेकंद. शब्द जितका कमी परिचयाचा, तितके अंतर अधिक. येथे हेही लक्षात घ्यावे की त्यांनी मोजला तो हालचालीचा आरंभ, ठोका नव्हे. ठोका शब्दाच्या पुष्कळच जवळ असतो.

हात आणि जीभ ह्यांची गाठ किती घट्ट आहे हे अडखळत बोलणाऱ्यांच्या अभ्यासात फार स्पष्ट दिसते. तोतरेपणाने शब्द अडला म्हणजे मोकळा असलेला हात तो वेळ भरून काढील, असे कोणासही वाटेल. कॅनडातील रेचेल मेबरी हिने सहकाऱ्यांसह जे पाहिले ते उलट होते. शब्द अडताच चाललेला हात हवेत गोठून राहतो किंवा खाली पडतो, आणि शब्द सुटताच हातही सुटतो. हात भरपाई करीत नाही. तो जिभेबरोबर अडतो. दुसरे उदाहरण जन्मांध मुलांचे. ज्यांनी दुसऱ्याचे हातवारे कधी पाहिले नाहीत अशी बारा मुले १९९८ साली अमेरिकेत एका अभ्यासात बोलावयास बसविली, तेव्हा ती सर्व हातवारे करीत होती. समोरचा ऐकणाराही आंधळा आहे हे सांगितलेल्या जन्मांध मुलांनीदेखील हातवारे केले. टेलिफोनवर बोलणारा गृहस्थ मोकळ्या हाताने रस्त्याची वळणे दाखवितो, त्यास आपण हसतो. परंतु ते हात पलीकडच्यासाठी असतातच असे नव्हे.

आता वर्गातील उत्तराकडे येऊ. मराठीत ‘फिरणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. भोवरा फिरतो, पाखरू घराभोवती फिरते, आणि मनुष्य सायंकाळी फिरावयास जातो. भूगोलात ह्या उदारतेची अडचण होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे परिवलन, आणि सूर्याभोवती फिरते, हे परिभ्रमण. पहिल्याने दिवस-रात्र होतात आणि दुसऱ्याचा एक फेरा म्हणजे वर्ष. ‘पृथ्वी फिरते’ एवढेच म्हटले तर दोहोंपैकी कोणते, हे शब्दात नाही.

आम्ही एका विद्यार्थ्यास विचारिले, ‘दिवस आणि रात्र का होतात?’ त्याने उत्तर दिले: ‘पृथ्वी फिरते, म्हणून कधी आपण सूर्यासमोर येतो आणि कधी मागे जातो.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य आले असते तर आम्ही त्यास निःशंकपणे गुण दिले असते. बहुतेक परीक्षकांनी दिले असते. परंतु हे चित्रणात होते. मुलाची डावी मूठ छातीसमोर स्थिर आहे. ‘फिरते’ हा शब्द एकशे अठराव्या चित्रावर सुरू होतो. त्याच्या सहा चित्रे आधी, म्हणजे दोन दशांश सेकंद अगोदर, उजव्या हाताची तर्जनी त्या मुठीभोवती मोठे वर्तुळ काढू लागते. ‘समोर’ म्हणताना तर्जनी मुठीच्या अलीकडे, मुलाच्या छातीच्या बाजूस आहे. तिचा फेरा चालूच राहतो, आणि ती मुठीच्या पलीकडे जाऊन एकशे नव्वदाव्या चित्रावर थांबते. तीन चित्रांनी ‘मागे’ हा शब्द येतो.

ह्या मोजणीवाचून आमचा निर्णय लागला नसता. मोठे वर्तुळ दिसले एवढ्यावरून मुलाची समजूत चुकली असे म्हणता येत नाही. पृथ्वी सूर्याभोवतीही फिरतेच, आणि त्याच्या मनात ती गोष्ट सहज येऊन गेली असेल. परंतु वर्तुळ ‘फिरते’ ह्याच शब्दावर सुरू झाले आणि तर्जनीचे मुठीपलीकडे जाणे नेमके ‘मागे’ ह्या शब्दाला गाठून थांबले. तेव्हा ‘मागे’ म्हणजे आपली बाजू सूर्याकडून वळली असे नव्हे, तर सबंध पृथ्वी सूर्याच्या पाठीमागे गेली, असे त्याचे चित्र होते. रात्र म्हणजे पृथ्वीने सूर्याच्या पाठीमागे घालविलेला वेळ! सूर्याच्या पाठीमागेही सूर्याचाच उजेड असणार, हे त्याच्या चित्रात कोठे बसत नव्हते. परंतु चित्र बोलून दाखविले नसल्यामुळे ती अडचण त्यालाही कळली नव्हती.

आपण पाहिले ते खरे की आपणच कल्पिले, ह्याची परीक्षा उत्तर न सुचविणाऱ्या प्रश्नाने करावी लागते. ‘तुला सूर्याभोवती म्हणावयाचे आहे का?’ असे विचारले तर मुले गुरुजींच्या तोंडाकडे पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतात. त्याला काही किंमत नाही. आम्ही विचारिले, ‘आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत पृथ्वी किती फिरते, ते दाखव.’ त्याने तर्जनी मुठीभोवती एकदा पूर्ण फिरविली. ‘आणि वर्षात?’ तर्जनी पुन्हा निघाली, अर्ध्या वर्तुळावर थांबली, आणि दोन्ही हात हवेत तसेच राहिले. परिवलन आणि परिभ्रमण हे दोन्ही शब्द त्यास तोंडपाठ होते, व्याख्यांसह. मग आम्ही त्याच्या हाती एक चेंडू दिला, त्यावर इगतपुरीच्या जागी खडूने ठिपका केला आणि दिवा लावून खोली अंधारी केली. ठिपका अंधारात न्यावयाचा, पण चेंडू जागचा हलवावयाचा नाही, एवढेच सांगितले. चेंडू हातातल्या हातात वळविण्यास त्यास बराच वेळ लागला.

ह्या ठिकाणी जीभ बरोबर आणि हात चूक अशी स्थिती होती. उलट स्थितीही आढळते, आणि तिच्यावर अधिक अभ्यास झाला आहे. शिकागोच्या सुझन गोल्डिन-मेडो हिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांस ‘३ + ४ + ५ = ? + ५’ अशा जातीची गणिते घातली. योग्य उत्तर ७. परंतु पुष्कळ मुले डावीकडची बेरीज करून १२ लिहितात, किंवा दिसेल ती संख्या मिळवून १७. त्यांना ‘कसे केलेस?’ असे विचारिले असता काही मुले ‘सगळे मिळवले’ असे म्हणत, परंतु त्याच वेळी त्यांची दोन बोटे केवळ ३ आणि ४ ह्यांखाली जात. ३ आणि ४ मिळविले म्हणजे उत्तर येते, हे हातास कळले होते आणि जिभेस अद्याप कळले नव्हते. मग सर्वांस ते गणित शिकविले, तेव्हा ज्यांचे हात आणि शब्द जुळत नव्हते ती मुले, हात व शब्द ह्यांत एकच चूक करणाऱ्या मुलांपेक्षा अधिक लवकर शिकली. केवळ लेखी उत्तर पाहणाऱ्या शिक्षकास ही दोन्ही मुले सारखीच चुकलेली दिसतात.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या विषयाचा शाळेच्या दृष्टीने विचार झालेला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमीन पडळकर आणि जयश्री रामदास ह्यांनी शाळकरी मुलांस प्राथमिक खगोलशास्त्र शिकविताना हातवाऱ्यांचा उपयोग कसा होतो हे तपासून २०११ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हातवाऱ्यांचे दोन वर्ग केले: शिक्षकाने मुद्दाम रचून मुलांकडून करवून घेतलेले, आणि मुले आपसात प्रश्न सोडविताना आपोआप करतात ते. हा भेद आम्हांस फार उपयोगाचा वाटतो. रचलेल्या हातवाऱ्याने मुलाच्या हातात योग्य चित्र घालता येते. आपोआप झालेल्या हातवाऱ्याने त्याच्या मनात आधीचे कोणते चित्र आहे ते कळते. पहिला शिकविण्याचा, दुसरा तपासण्याचा. मुलाने रचलेला हातवारा पाठ म्हणून केला आणि शिक्षकाने तोच समजुतीचा पुरावा मानला, तर परिवलनाच्या व्याख्येची जी गत झाली तीच हातवाऱ्याचीही होईल.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शब्द काढून टाकून केवळ हात दाखविले तर त्यांचा अर्थ ओळखणे माणसांस फारसे साधत नाही; अंदाज आंधळेपणाने करण्यापेक्षा थोडाच बरा ठरतो. आमच्या मुलाची तर्जनी पृथ्वी होती हे ‘पृथ्वी’ शब्दामुळे कळले, एरवी ती माशीही असू शकली असती. शिवाय कित्येक हातवाऱ्यांत अर्थ नसतोच: भाषण करणारा प्रत्येक जोरदार शब्दावर हात खाली आपटतो, तो केवळ ताल. त्यात अर्थ शोधीत बसणे म्हणजे टाळांच्या आवाजात अभंगाचे शब्द शोधण्यासारखे आहे. सर्वांत मोठी अडचण ही की, हातवारा कोणत्या शब्दाचा हे मोजणाऱ्यानेच ठरविले तर अंतरही त्यानेच ठरविल्यासारखे होते. मुलाचा ठोका ‘इंजिनं’ ह्याचा धरला तर तो शब्दाच्या उंबऱ्यावर पडतो. ‘लावली’ ह्याचा धरला तर पुष्कळच आधी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे हा प्रश्न आपणांस पावलोपावली भेटणार. म्हणून शब्दांची निवड एकाने, हातांची मोजणी दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांचे कागद न पाहता करावी. आम्ही व आमच्या एका सहकाऱ्यांनी तसे केले तेव्हा ठोक्याच्या आरंभाविषयी आमचे बहुधा एक-दोन चित्रांच्या आत एकमत झाले, उचलीच्या आरंभाविषयी मात्र वारंवार मतभेद झाला. हात बाकावरून केव्हा निघाला आणि केव्हा नुसता चुळबुळला, हे सांगणे अवघड जाते.

आणि हात हालले नाहीत तर? त्यावरून मुलास काही येत नाही असे अनुमान मुळीच काढू नये. मोठ्या माणसांसमोर हात हालवून बोलणे हा उद्धटपणा, असे कित्येक घरांत शिकविलेले असते. त्या घरची मुले हात पाठीमागे बांधून उत्तरे देतात. त्यांच्याबाबत आमचा अनुभव असा की, शिक्षकाने विचारण्याऐवजी शेजारच्या मुलास समजावून सांग असे म्हटले की हात आपोआप पुढे येतात. पालकांनी घरी हे करून पाहण्यास हरकत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात काय बदलले हे सांगताना हात येत नाहीत. घाटातले बोगदे कोठून कोठे वळतात हे सांगताना येतात. प्रश्न आकाराचा, जागेचा किंवा गतीचा असावा, आणि मूल बोलू लागले म्हणजे त्याच्या तोंडाकडे न पाहता किंचित खाली, छातीच्या समोर पाहावे.

खडूचा ठिपका केलेला तो चेंडू पुढे पंधरा दिवस वर्गात राहिला. पंधरा दिवसांनी त्याच विद्यार्थ्यास पुन्हा तोच प्रश्न विचारिला. शब्द जवळजवळ तेच आले: ‘पृथ्वी फिरते, म्हणून आपण कधी सूर्यासमोर येतो आणि कधी मागे जातो.’ डावी मूठ पूर्वीप्रमाणे स्थिर होती. परंतु ‘फिरते’च्या तीन चित्रे आधी उजवी मूठ जागच्या जागी मनगटात वळली, आणि ‘मागे’ म्हणताना त्याचा अंगठा डाव्या मुठीकडून वळून त्याच्या स्वतःच्या छातीकडे आला होता.